मामूंचं नाक

मामूंच्या अत्तराच्या दुकानात आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून जात असू. पण तिथलं खरं काम आम्हाला कळलं ते मामूंचं नाक गेल्यावर.

२०२३ च्या शाबान महिन्यातली गोष्ट. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी निकाह होता. पाहुण्यांना लावायला चाळीस तोळे मुखल्लत हवं होतं. चंदन, गुलाब, हिना आणि जरासं ऊद. 'वडिलांच्या वेळी घेतलं होतं, अगदी तसंच.' चार दिवस उरले होते.

मामूंची सर्दी बरी झाली होती, नाक मोकळं होतं, तरी गुलाबाच्या शीशीतून काहीच येईना. त्यांनी पुदिन्याचं सत हुंगलं. थंडावा मस्तकापर्यंत गेला आणि त्यांना हायसं वाटलं. डॉक्टरांनी तो दिलासा काढून घेतला. थंडावा किंवा झोंबणं चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेतून कळतं. वासाचं काम नाकाच्या छताशी असलेल्या नाजूक अस्तराचं, आणि तेच सर्दीच्या विषाणूनं दुखावलं होतं.

"वहीत वजनं आहेत ना? मोजून मिसळा," आम्ही म्हणालो.

"गुलाब दरवर्षी सारखा उतरतो का, बेटा? ऊद तर झाडागणिक वेगळं."

शाळेत मुलांना शिकवणं सोपं, मामूंना समजावणं अवघड! पण जुन्या मुखल्लतची एक शीशी शिल्लक होती. मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही, म्हणून मामूंनी वहीप्रमाणे एकाच तोळ्याचा नमुना केला. मग कागदाच्या तीन पट्ट्या: दोन एका शीशीतल्या, एक दुसरीतली. कुठली कुठे, ते फक्त मामूंना ठाऊक. धाकटीनं वेगळी पट्टी ओळखायची. तिला अत्तरांची नावंही धड येत नाहीत, पण फरक सांगायला नावं लागत नाहीत. नाक थकू नये म्हणून मध्ये थोडा वेळ थांबायचं.

सहापैकी पाच वेळा तिनं बरोबर ओळखलं. नुसत्या अंदाजानं दोनदा जमलं असतं. म्हणजे नमुना जुन्यासारखा नव्हता. "ही पट्टी धुरकट आहे, ओल्या चामड्यासारखी," ती म्हणाली.

"ऊद जास्त," मामू लगेच म्हणाले. नाक गेलं होतं, इल्म शाबूत होतं.

पुढच्या नमुन्यात ऊद कमी केलं. तरी चार वेळा ओळखलं. तिसऱ्या नमुन्याला आणखी कमी. या वेळी सहापैकी दोनच. धाकटी वैतागली, मामू मात्र पहिल्यांदा हसले.

गिऱ्हाइकाला सांगावं की नाही, यावर अम्मी आणि मामूंचं वाजलं. दुकानाची अब्रू जाईल, असं अम्मीचं म्हणणं. मामूंनी दोन्ही पट्ट्या गिऱ्हाइकापुढे ठेवल्या. "या वेळी नाक माझं नाही, या मुलीचं आहे. पसंत असेल तरच न्या." त्यांनी दोन्ही हुंगल्या, आणि चाळीस तोळे नेले.

डॉक्टरांनी वासाची तालीम दिली होती. गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी; सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, निदान बारा आठवडे. जूनमध्ये एका संध्याकाळी मामूंनी गुलाबाची शीशी झटकन दूर केली.

"जळल्यासारखा येतोय."

आम्ही घाबरलो. दुखावलेलं नाक जागं होताना वास असे बिघडून येतात, हे आम्हाला नंतर कळलं. मामूंनी शीशी पुन्हा नाकाशी धरली. "येतोय तर," ते म्हणाले.