एकवीसशे रुपयांचा मेल

चाकणजवळच्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्स पाहते. बाहेरगावी जाणाऱ्या सर्व्हिसच्या माणसांचे खर्चाचे क्लेम माझ्या टेबलावरून जातात. गेल्या हंगामात आमचे एक जुने टेक्निशियन कोल्हापूरला गेले होते. सगळे त्यांना काका म्हणतात. परत आल्यावर त्यांनी ८,६४० रुपयांचा क्लेम टाकला. त्यात दोन रात्रींचं लॉज ४,४००, एसटी ६४०, जेवणाचा भत्ता १,५०० आणि टॅक्सी २,१०० असे आकडे होते. टॅक्सीचं बिल नव्हतं, नुसते यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट जोडलेले होते.

आमच्याकडच्या नव्या मुलीने उत्तर तयार करून माझ्याकडे पाठवलं: ‘आपला क्लेम कंपनी पॉलिसीनुसार नामंजूर करण्यात येत आहे. जोडलेले पुरावे ग्राह्य नाहीत. यापुढे योग्य कागदपत्रे जोडण्याची दक्षता घ्यावी.’ सीसीमध्ये काकांचे मॅनेजर.

मेलमध्ये खोटं काही तेव्हा मला दिसलं नाही, पण तो वाचून काकांना काय समजलं असतं? पहिलं म्हणजे सगळे ८,६४० गेले. दुसरं, ‘पुरावे ग्राह्य नाहीत’ ही भाषा पोलीस ठाण्यातली, म्हणजे आपण काहीतरी लबाडी केली असं ऑफिसला वाटतंय. आणि मॅनेजरला सीसी म्हणजे तक्रारच झाली.

मी आधी सोपं काम केलं. पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘तुमच्या क्लेममधले ६,५४० रुपये मंजूर झाले आहेत. टॅक्सीचे २,१०० सध्या देता येत नाहीत.’ सीसी काढून टाकला. ‘दक्षता घ्यावी’ खोडलं, कारण घडून गेलेल्या प्रवासासाठी त्या वाक्याचा काहीच उपयोग नव्हता. मग मोह झाला म्हणून ‘तुमच्या मेहनतीची आम्हाला कल्पना आहे’ असं एक वाक्य घातलं. पुन्हा वाचलं आणि तेही काढलं. ज्याचे पैसे अडवलेत त्याला पाठीवरचा हात नको असतो.

खरी अडचण पुढच्या ओळीत आली. ‘पॉलिसीनुसार’ हा शब्द काढून तिथे कारण लिहायचं होतं. स्क्रीनशॉट का चालत नाही? मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, चालत नाही म्हणून चालत नाही.” हसू आलं, पण मलाही ते एका वाक्यात सांगता येईना. शेवटी असं लिहिलं: ‘स्क्रीनशॉटवरून पैसे कोणाला गेले ते कळतं, पण कुठून कुठे प्रवास झाला, कोणत्या गाडीने, ते कळत नाही. ऑडिटला ही माहिती बिलावर दाखवावी लागते.’ यात काकांच्या खरेपणावर बोट नव्हतं. उणीव होती ती कागदात.

नियमाचा क्रमांक द्यावा म्हणून पॉलिसीची फाइल उघडली, आणि त्याच कलमाखाली एक पोटनियम दिसला. जिथे बिल मिळणं शक्य नाही तिथे एका फेरीला १,००० रुपयांपर्यंतचा खर्च स्वयंघोषणेवर देता येतो. फॉर्मवर गाडीचा नंबर, कुठून कुठे, वेळ आणि मॅनेजरची सही लागते. काकांच्या दोन फेऱ्या होत्या. रात्री कारखान्यावर जाताना १,२०० आणि सकाळी परतताना ९००. म्हणजे ९०० अडवायला आमच्याकडे आधारच नव्हता! ‘पॉलिसीनुसार नामंजूर’ लिहिताना पॉलिसी आम्ही दोघींनीही वाचली नव्हती. माझी तर ती सही करायची जागा.

१,२०० चं काय? त्याचे हजार तरी द्यावेत असं वाटलं, पण नियम फेरीला आहे, फेरीच्या तुकड्याला नाही. मॅनेजरशी बोलून पाहिलं. तेही म्हणाले, एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतील. म्हणून मेलमध्ये सरळ लिहिलं: ‘९०० रुपयांसाठी सोबतचा फॉर्म भरून महिनाअखेरपर्यंत द्या. १,२०० रुपयांची फेरी मर्यादेबाहेर आहे, त्यासाठी टॅक्सीवाल्याचं बिलच लागेल. साध्या कागदावर तारीख, गाडी नंबर, प्रवास, रक्कम आणि सही असली तरी चालेल. ते मिळालं नाही तर ही रक्कम देता येणार नाही.’ शेवटच्या वाक्याला ‘कदाचित’ जोडावंसं वाटत होतं, पण ते जोडलं असतं तर काकांनी महिनाभर वाट पाहिली असती. खाली माझं नाव आणि टेबलाचा फोन नंबर टाकला. आधी नुसतं ‘अकाउंट्स विभाग’ होतं.

काकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. “टॅक्सीवाला म्हणतो, मी कुठला बिलबुकवाला. पण फॉर्म आणून देतो.”

त्यांनी फॉर्म दिला आणि ९०० त्या महिन्याच्या पगाराबरोबर जमा झाले. १,२०० मिळाले नाहीत.