एकाच सभागृहात दोघे

जानेवारीत पूर्वपरीक्षांचे गुण हाती आले, की घोडबंदर रोडवरच्या शाळांत आणि गृहसंकुलांच्या क्लब हाउसमध्ये समुपदेशकांची व्याख्याने सुरू होतात. दहावी-बारावीची मुले आणि त्यांचे आई-वडील शेजारी शेजारी बसतात. ठाण्याला ही रीत परकी नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये इथे सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थच्या ‘वेध’ परिषदेतही मुले आणि पालक एकत्र बसत आले आहेत. तरीही ‘दोघांना वेगवेगळे बोलवा’ हा आग्रह नेहमी ऐकू येतो. मला मात्र एकत्र बसवणेच योग्य वाटते, कारण परीक्षेचा ताण एकट्या मुलाच्या डोक्यात तयार होत नाही. त्याचा मोठा भाग घरातल्या बोलण्यातून तयार होतो, आणि ते बोलणे बदलायचे तर बोलणारे दोघेही समोर हवेत.

इथल्या घरांत हे बोलणे कधी होते तेही पाहायला हवे. मुंबईतल्या कचेरीतून सुटून, लोकलने ठाण्याला उतरून, माजिवडा ते कासारवडवली कोंडीत अडकत आई किंवा बाबा घरी पोचतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मूलही नुकतेच क्लासहून आलेले असते. एकमेकांच्या वाट्याला येणारा वेळ जेमतेम अर्धा तास, आणि त्यातला पहिला प्रश्न, ‘आज किती झालं?’ आईच्या मनात ती विचारपूस असते, मुलाला ती झडती वाटते. समजा, बीजगणित आणि भूमितीत मिळून 80 पैकी 44 गुण आलेत. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनुसार भीती या 44 मुळे थेट येत नाही. मधे एक विचार असतो. ‘मला चांगले गुण हवेत’ या विचाराने काळजी वाटते आणि मूल पुस्तक उघडते. ‘मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत, नाहीतर माझी काही किंमत नाही’ या विचाराने मात्र धास्ती वाटते. मग गणित सोडवताना पायऱ्या डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच ही धास्ती अडवते. हा ‘च’ बरेचदा ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो’ या वाक्यातून मुलापर्यंत पोचलेला असतो, आणि तो उच्चारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

समुपदेशकाने अभ्यासाविषयी एकच गोष्ट सांगायची ठरवली, तर ती आठवून लिहिण्याची असावी. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे इतिहासाचा धडा एकदा वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते कागदावर उतरवावे आणि मग काय सुटले ते पडताळावे. पण हे घरात कसे दिसते? पुस्तक मिटलेले, मूल छताकडे बघणारे, कागद अर्धा कोरा आणि त्यातही चुका. ज्या बाबांनी हे व्याख्यान ऐकलेले नाही, ते लगेच ‘पुस्तक उघड’ म्हणणार, आणि मूलही मुकाट्याने कमी उपयोगाच्या वाचनाकडे वळणार. दोघांनी एकाच वेळी ऐकले असेल, तर मुलाला बाजू मांडावी लागत नाही. बाबांना हे ठाऊक आहे, हे त्याला माहीत असते.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, आई शेजारी असताना मूल तोंड उघडणार नाही. म्हणूनच हात वर करायला लावू नये. सगळ्यांना सारख्या, बिननावाच्या चिठ्ठ्या द्याव्यात, पालकांनीही लिहाव्यात; आणि शेवटी मुलांसाठी वेगळा अर्धा तास ठेवावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पालक व्याख्यानातले सोयीचे वाक्य उचलून घरी त्याचे हत्यार करतात. ‘मॅडम काय म्हणाल्या मोबाइलबद्दल?’ त्याला उत्तर एवढेच, की मोबाइलविषयी, झोपेविषयी मुलाला जे सांगाल, ते त्याच दमात पालकांनाही सांगा. रात्री साडेअकराला ‘अजून एक धडा कर’ म्हणणारी व्यक्तीही त्याच खोलीत बसलेली असते.

मात्र सभागृहाची मर्यादा सरळ सांगून टाकावी. दोन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल, मित्र तुटले असतील, आवडीचे काही नकोसे झाले असेल, ‘मी नसलो तर बरं’ असे बोलणे निघत असेल, तर ते व्याख्यानाचे काम उरत नाही. तिथे मुलाला जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचे. विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो. तो फळ्यावर लिहावा आणि दोघांनाही आपापल्या फोनमध्ये तिथेच साठवायला सांगावे.