आधीचा आकडा

संपादकांनी सांगितलं, "किमोथेरपीबद्दल लिहा, पण वाचकांना घाबरवू नका." मी होकार दिला. लिहायला बसलो तेव्हा मात्र एकच पेशंट डोळ्यांसमोर यायला लागला, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

कंधार तालुक्यातले शेतकरी, वय ५८, वजन ४६ किलो. तंबाखूने झालेला घशाचा कॅन्सर. रेडिएशनसोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन द्यायचं ठरलं. क्रिएटिनिन १.० होतं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलं होतं आणि मुलगा म्हणाला, "किडनी एक नंबर आहे, साहेब." पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांसच नसलेल्या माणसाचं ते कमीच दिसणार. म्हणून वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो: १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं. ८२ गुणिले ४६, भागिले ७२, म्हणजे ५२. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभरच्या आसपास असतो. 'एक नंबर' किडनी निम्म्यावर आलेली होती.

इथे आमच्या धंद्यातलं एक भांडण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सिस्प्लॅटिन तीन आठवड्यांतून एकदा १०० मिलिग्रॅम द्यायचं की दर आठवड्याला थोडं? (हे मिलिग्रॅम शरीराच्या दर चौरस मीटरमागे मोजतात.) मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३०० पेशंटवर चाचणी करून २०१८ मध्ये निकाल दिला. दोन वर्षांनी रोग जागेवर आटोक्यात राहिलेले पेशंट १०० च्या डोसवर ७३ टक्के होते, तर आठवड्याच्या ३० च्या डोसवर ५८ टक्के. त्रास मात्र १०० वाल्यांना जास्त झाला. तेव्हापासून परिषदांमध्ये '१०० द्या' हा मंत्र झाला. मग २०२२ मध्ये जपानी डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये दाखवलं, की आठवड्याचा डोस ३० ऐवजी ४० ठेवला तर तो १०० पेक्षा कमी पडत नाही. म्हणजे चूक आठवड्याच्या पद्धतीत नव्हती, ३० च्या आकड्यात होती. माझ्या पेशंटचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, त्यामुळे जपानी निकाल त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला मान्य आहे. पण व्यासपीठावरून १०० सांगणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये नांदेडहून कंधारला एसटीने जाऊन पाहावं. ५२ च्या किडनीला १०० द्यायची माझी हिंमत नव्हती. ४० ठरवले. त्यांच्या शरीराच्या मापाने ते ५८ मिलिग्रॅम झाले.

हे औषध किडनीतून बाहेर पडतं, पण किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी त्याला स्वतःहून आत ओढून घेतात आणि त्यातल्या प्लॅटिनमने मरतात. म्हणून औषधाआधी आणि नंतर मिळून दोन-एक लिटर सलाईन देतो, म्हणजे ते तिथे रेंगाळत नाही. त्यात मॅग्नेशियमही घालतो. सिस्प्लॅटिनने मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातं आणि ते कमी झालं की पेशी औषध आणखी जोराने ओढतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. सलाईनच्या बाटल्या बघून नातेवाईक कुरकुरतात, "एवढं पाणी चढवून किडनीवर लोड येत नाही का?" नेमकं उलटं आहे. त्या पाण्यानेच ती वाचते.

पण आमची सलाईन संध्याकाळी संपते. घरी गेल्यावर पाणी तोंडाने प्यावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात "रोज तीन लिटर प्या" हे सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं. आमच्या पेशंटच्या घरी पाणी होतं, पण तिसऱ्या डोसनंतर रेडिएशनने तोंड सोलून निघालेलं. घोट घेतला की आग. त्यात उलट्या. घरच्यांनी उलटी होते म्हणून पाणी कमी केलं, आणि कुणीतरी दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून दिल्या. आधीच पाण्याविना असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा या गोळ्यांनी आणखी घटतो.

आठव्या दिवशी क्रिएटिनिन २.६. मुलाचा विश्वास बसेना. "लघवी तर चांगली होऊलालीय की!" खरंच होत होती. सिस्प्लॅटिनने बिघडलेल्या किडनीत बहुतेक वेळा लघवी बंद होत नाही, कारण पाणी राखून धरण्याची तिची ताकदच जाते. सूज नाही, दुखणं नाही. रक्त तपासलं नाही तर कळायला मार्ग नाही. गोळ्या बंद केल्या, सलाईन आणि मॅग्नेशियम दिलं, तोंडाच्या दुखण्याला मॉर्फिन. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.५ वर थांबलं, म्हणजे हिशेबाने ३५. सिस्प्लॅटिन कायमचं बंद. उरलेले आठवडे डोसेटॅक्सेल थोड्या मात्रेत दिलं. ज्यांना सिस्प्लॅटिन चालत नाही त्यांच्यासाठी हा मार्गही टाटानेच चाचणी करून दाखवला आहे.

इथवर मी निर्धास्त आहे, कारण आधीचा आकडा माझ्याकडे होता. खटकतं ते पुढचं.

दोन महिन्यांनी ते म्हणाले, "कानात रातकिडे ओरडतात. माणसाचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत." सिस्प्लॅटिन कानाच्या आतल्या केस-पेशी मारतं, त्या पुन्हा उगवत नाहीत. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, म्हणून 'स', 'त', 'च' यांतला फरक पुसट होतो. तपासणीत ४००० हर्ट्झच्या वर आलेख कोसळलेला दिसला. पण हे औषधाने झालं, की तीस वर्षं मळणीयंत्राजवळ उभं राहिल्याने? सांगता येईना, कारण सुरुवातीला कान तपासायचं मी टाळलं होतं. 'आधीच खेपा फार होतात' असं स्वतःला समजावलं होतं. लहान मुलांच्या यकृताच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्याने बहिरेपण ६३ टक्क्यांवरून ३३ वर आल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्यांत असं खात्रीचं औषध अजून नाही. वेळेवर आलेख काढणं आणि बदल दिसला तर औषध बदलणं, एवढंच हातात असतं.

हृदयाची गोष्ट थोडक्यात सांगतो. लातूरच्या एक बाई, सहा वर्षांनी स्तनाचा कॅन्सर परतलेला. "तेव्हा लाल इंजेक्शन दिलं होतं," एवढंच त्यांना आठवत होतं. कागद नाहीत. लाल इंजेक्शन म्हणजे सहसा डॉक्सोरुबिसिन. ते हृदयाच्या स्नायूला जी इजा करतं ती आयुष्यभर साठत जाते. दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅमपर्यंत साधारण ५ टक्के लोकांचं हृदय थकतं, ५५० ला २६ टक्के. चार डोस म्हणजे सहसा २४०, मग अजून जागा उरते. पण एपिरुबिसिनही लालच असतं आणि त्याची मर्यादा जवळपास दुप्पट आहे. शिवाय पहिल्या वेळचा टू-डी इको नसेल, तर आजचं ५२ टक्के इजेक्शन फ्रॅक्शन मूळचंच की ६५ वरून घसरलेलं, हे कसं ठरवणार? त्या बाईंना मी लाल औषध दिलं नाही. ते बरोबर होतं की नाही, हे मला माहीत नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या कुणाची जुनी किमोची फाइल सापडली तर रद्दीत घालू नका. औषधाचं नाव, एकूण मिलिग्रॅम आणि पहिला इको एवढी तीन पानं जपून ठेवा.