दोन सुऱ्यांचा कागद

मागच्या वर्षी शाबानमध्ये आमच्या धाकट्या पातीतल्या चाचांच्या मुलाने मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "आपा, यात काय आहे? मुलाणकीची सनद आहे ना?" मी पुराभिलेख संचालनालयाचा मोडीचा वर्ग केलेला आहे, म्हणून खानदानातले असे कागद माझ्याकडे येतात. कुणबी नोंदींसाठी २०२३ साली मोडी कागदांचा शोध सुरू झाला, तेव्हापासून पुष्कळ घरांतले जुने रुमाल सुटले आहेत. आमचाही त्यातलाच.

सिन्नरकडच्या आमच्या गावात आमच्याकडे मुलाणकी होती. गावासाठी बकरे हलाल करायचे, मशिदीत दिवा लावायचा आणि त्याबद्दल बलुते व थोडी जमीन. ती जमीन कधी गेली कोणालाच माहीत नाही. कोणी घालवली ते मात्र सगळ्यांना पाठ. थोरल्या पातीच्या पूर्वजाने धाकट्या भावाला न विचारता विकली, असे म्हणतात. आम्ही थोरल्या पातीचे. लग्नाकार्यात हसत हसत कोणीतरी टोमणा मारतोच आणि माझी अम्मी दर वेळी पान लावण्यात गुंतल्यासारखे दाखवते.

फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला होता. मधल्या घडीची सावली एका ओळीवर पडली होती आणि खालचा भाग कापला गेला होता. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ नसते. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. इथेच माणूस फसतो, कारण अर्थ आधीच डोक्यात असला तर शब्दही तसेच तुटतात. मला "मुलाणकीचे सेत" लागले, पुढे घडीच्या काळ्या पट्ट्यातून "...देऊन" एवढेच दिसले. मी त्यामागे बिनदिक्कत "विकत" घातले आणि अम्मीला सांगितले की गोष्ट खरी आहे. ती काही बोलली नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या मुलाला फोन केला. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ कागद सपाट ठेव, फ्लॅश बंद कर, मोबाइल अगदी वरून सरळ धर. आधी पूर्ण कागद, मग तीन तुकडे, प्रत्येकात आधीच्या दोन ओळी पुन्हा याव्यात. घडीच्या ओळीचा एक फोटो उजेड बाजूने येईल असा काढ. मागची बाजू कोरी असली तरी काढ. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि बारीक रेघा जातात.

नवे फोटो आले. आधी तारीख घेतली: "छ ५ रमजान सन अर्बा मयातैन व अलफ". छ म्हणजे चंद्राची, चांद्र तारीख. पुढचे साल मी फुफीअम्मांना मोठ्याने वाचून दाखवले. त्या मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवतात, मोडीचे एक अक्षर त्यांना येत नाही. त्या लगेच म्हणाल्या, "अर्बा चार. मिअतैन दोनशे. अल्फ तर सूरह कद्रमध्येच आहे, हजार. बाराशे चार झाले, बेटा." पेशव्यांच्या दफ्तरातले कारकून वर्षानुवर्षे अरबीत साल लिहीत होते, हे त्यांना सांगितले तेव्हा त्या खूप हसल्या.

पण बाराशे चार म्हणजे हिजरी १२०४ नव्हे. आपल्या घरांत ही चूक हमखास होते. हिजरी धरले तर इसवी १७९० येते. मराठी कागदांतले हे शुहूर सन आहे. महिना आणि दिवस हिजरीचे, वर्ष मात्र सूर्याचे; ते मृग नक्षत्राला, जूनच्या सुमारास बदलते. इसवी साल काढायला त्यात ५९९ मिळवायचे, आणि तारीख जानेवारीपासून पुढची, मृगाच्या आधीची असेल तर ६००. १२०४ अधिक ५९९ म्हणजे १८०३. त्या वर्षीचा रमजान डिसेंबरच्या मध्यावर लागला होता, म्हणजे कागद १८०३ च्या डिसेंबरचा. एक वर्ष आधी होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला होता, आणि १८०३-०४ तर दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचे साल. रमजानच्या पाचव्या रोजाला, दुष्काळात, आमच्या घरात कोणीतरी कागद लिहून देत होते.

आता मजकूर. नावे गाळून तो असा आहे: "कतबा लिहून दिल्हा ऐसा जे आपले उभयतांचे मुलाणकीचे सेत बिघे ४॥ साडेच्यार दाहा सालाचे कराराने गाहाण देऊन बाजरी मण ६ सा पोटास घेतली. करार पुरा जालियावर दाणे देऊन सेत सोडवून घेऊ. यासी हरकत करू तरी दिवाणचे गुन्हेगार."

घडीतला शब्द "गाहाण" होता. बाजूच्या उजेडात मधला हा स्पष्ट दिसला. पण एका अक्षरावर विसंबायचे नसते, म्हणून पुढचे पाहिले. विकलेल्या शेताला दहा वर्षांचा करार नसतो आणि ते कोणी "सोडवून" घेत नाही. म्हणजे माझे "विकत" पुढच्या दोन वाक्यांशी जुळतच नव्हते. ते मी आधीच पाहायला हवे होते. चारापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा; त्याच रेघा अक्षरापुढे आल्या तर शब्द तोडून लिहिल्याची खूण असते. लिहिणाऱ्याने शेजारी "साडेच्यार" अक्षरी लिहून आपली सोय केली आहे. तेव्हाचा बिघा पाऊण एकराच्या आसपास होता, म्हणजे शेत साडेतीन एकरांच्या आत-बाहेर. मण गावोगाव वेगळा असे, त्यामुळे सहा मण बाजरीचे किलो मी केले नाहीत.

आजच्या भाषेत सांगायचे तर: आम्हा दोघांच्या वाट्याची मुलाणकीची साडेचार बिघे जमीन दहा वर्षांसाठी गहाण ठेवून आम्ही खाण्यासाठी सहा मण बाजरी घेतली आहे. मुदत संपल्यावर धान्य परत देऊन जमीन सोडवू. आड आलो तर सरकारचे गुन्हेगार ठरू.

"उभयतांचे" हा शब्द पहिल्या फोटोतही होता. आधीच्या शब्दाला चिकटल्यामुळे मी तो सरळ ओलांडून गेले होते. आणि पहिल्या फोटोत कापलेल्या खालच्या भागात सह्यांच्या जागी दोन नावे आहेत, दोघांचा बाप एक. लिहिता न येणारे बलुतेदार आपल्या कामाचे हत्यार काढून निशाणी करत. कुणब्याचा नांगर, तशी आमच्या दोघांच्या नावापुढे एकेक सुरी. धाकट्याची जरा वाकडी आली आहे.

मी हे सगळे चाचांना फोनवर वाचून दाखवले. ही सनद नाही, हे आधी सांगितले. सरकारी कामाला माझे वाचन चालणार नाही, त्याला अधिकृत मोडी वाचकाचे लिप्यंतर लागेल, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याही आजोबांनी सुरी काढलीय."

"हो चाचा. दोघांनी."

"मग दहा वर्षांनी सोडवली का नाही?"

ते या कागदात नाही. पाठीमागे फक्त "कतबा मुलाणा" एवढे लिहिले आहे, फेडल्याची नोंद नाही. सोडवली असती तर हा कागद सावकाराकडून फाडून किंवा शेरा मारून परत आला असता, असे मला वाटते. पण मग तो चाचांच्या पेटीत शेरा नसताना कसा, की ही आपल्याजवळ ठेवलेली नक्कल आहे, हेही कळत नाही.

चाचा म्हणाले, माळ्यावर अजून एक रुमाल आहे, ईदनंतर उतरवतो. अम्मीला मी दोन्ही सुऱ्यांचा फोटो मोठा करून दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "याची एक प्रत मला काढून दे. पुढच्या लग्नाला पर्समध्ये ठेवते."