मऊ रानात घराचा पाया : सुटी फुटिंगं, पट्टी की राफ्ट?

आजची नोंद पिकाची नाही, पायाची आहे. पुतण्याचं घर रानात बांधायचं ठरलं तेव्हा घरात तीन माणसांची तीन मतं होती. पुतण्या म्हणायचा, बारा कॉलम, बारा फुटिंगं, गावात सगळे तेच करतात. आमचा जुना गवंडी म्हणायचा, भिंतीखाली सलग चर काढून पट्टी पाया घाला. आणि इंजिनिअर म्हणत होता, आधी खड्डे काढा, मग बोलू. महिनाभर हे सगळं जवळून बघितलं, ते लिहून ठेवतो. आपल्या पट्ट्यात बऱ्याच जणांच्या कामी येईल.

आपला पट्टा म्हणजे वारणाकाठची खोल काळी जमीन. माळावरच्या लोकांना दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो. त्यांना पायाचा विचारच करावा लागत नाही, मुरमावर फुटिंग ठेवलं की झालं. आपल्याकडं बारा फूट खणलं तरी मातीच. उसाला बरी, घराला नाही.

आता तीन पाये म्हणजे काय ते साध्या भाषेत. सुटं फुटिंग म्हणजे प्रत्येक कॉलमच्या पायाखाली वेगळा चौकोनी काँक्रीटचा पाट. पट्टी म्हणजे भिंतीच्या किंवा कॉलमच्या ओळीखाली सलग लांब पट्टा. राफ्ट म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग स्लॅब. तिघांचं काम एकच, घराचं वजन जमिनीला सोसेल इतक्या जागेवर पसरवणं. त्यामुळं जमिनीला किती सोसतं आणि सगळीकडं सारखं सोसतं का, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत.

खड्डे आम्ही मे महिन्यात काढले. चार कोपऱ्यांना चार, सहा-सात फूट खोल. पुतण्या टिकाव मारून म्हणाला, "काका, दगड आहे दगड, कशाला काळजी करता?" इंजिनिअर हसला. त्यानं चारही खड्ड्यांत दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावलं. पाणी उपसल्यावर तळाला अंगठा दाबायला सांगितला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. मे महिन्यातली काळी माती खोटं बोलते, मंडळी. घर ऑगस्टमध्येही तिथंच उभं राहणार असतं, म्हणून ताकद ओल्या मातीची धरायची.

अंगठ्याची ही परीक्षा म्हणजे गंमत नव्हे. इंजिनिअर लोकांच्या जुन्या कोष्टकातही ती आहे. अंगठा जरा जोर लावल्यावर नुसता रुतला तर चौरस मीटरला दहा टनांच्या आसपास धरतात, काही सेंटीमीटर सहज आत गेला तर पाच टन. त्या कोष्टकावर भागवून चालत नाही, म्हणून मातीचा नमुना कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिला. तिथूनही पाच टनच आलं. आपल्या हिशोबात एका चौरस फुटाला अर्ध्या टनाच्या किंचित आत, 0.46 टन.

पण खरी बातमी चौथ्या खड्ड्यानं दिली. तीन खड्ड्यांत एकसारखी काळी माती आणि चौथ्यात राखाडी गाळ, कुजलेल्या पाल्याचा वास, सात फुटांवर पाणी. थोरल्या भावाला तेव्हा आठवलं, आजोबांच्या वेळी तिथून ओढ्याची एक फाट जात होती, ती बुजवून रान सपाट केलं होतं. म्हणजे घराचा एक कोपरा ओढ्यात आणि तीन रानात.

पुतण्या म्हणाला, "मग राफ्टच घालू, तो सगळं सांभाळेल." इंजिनिअरचं उत्तर मला फार पटलं. राफ्ट म्हणजे होडी. खाली मधे कुठं छोटा मऊ डाग असला तर तो त्यावरून पूल होऊन जातो. पण एक अख्खी बाजूच मऊ असेल तर राफ्ट फुटत नाही, कलतो. सुट्या फुटिंगचं घर तडकेल, राफ्टचं घर तिरकं होईल. तिरकं घर दुरुस्त करणं जास्त अवघड. त्यापेक्षा घर चाळीस फूट सरकवा. रस्ता थोडा लांब पडेल एवढंच. आम्ही सरकवलं आणि नव्या जागी पुन्हा चार खड्डे काढले. चारही सारखे निघाले. मऊ, पण सारखे मऊ.

हा फरक नीट समजून घ्या. अख्खं घर सगळीकडून सारखं दोन इंच बसलं तर भिंतीला कळतही नाही. पण दहा फुटांवरच्या दोन कॉलमांत अर्ध्या इंचाचा फरक पडला की भिंत फाटायला लागते. घर बसण्यानं मोडत नाही, कमी-जास्त बसण्यानं मोडतं.

आता हिशोब. घर 24 बाय 30, म्हणजे 720 चौरस फूट. कॉलम बारा, एका बाजूनं बारा-बारा फुटांवर, दुसऱ्या बाजूनं दहा-दहा फुटांवर. तळमजला, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब धरून वजन आलं साधारण 140 टन. फुटिंगच्या स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के वाढवले की 154. त्याला 0.46 नं भागलं तर जागा लागते 330 चौरस फुटांच्या आसपास. म्हणजे घराच्या निम्म्याला थोडी कमी.

मधल्या कॉलमवर वजन जास्त येतं, सुमारे 18 टन. त्याला साडेसहा फूट चौकोनी फुटिंग लागलं असतं. दहा फुटांवर दुसरं तसंच, मधे साडेतीन फूट माती शिल्लक. कागदावर बसतं. पण एवढाले बारा खड्डे काढायचे, मधल्या मातीच्या भिंती पावसात ढासळणार आणि बाराही फुटिंगं मऊ मातीवर एकेकटी उभी. प्लिंथ बीमनं ती बांधली तरी एकाजवळ उसाचं पाणी मुरलं आणि दुसऱ्याजवळ नाही, तर फरक पडणारच.

पट्टीचा हिशोब त्यापेक्षा बरा होता. बाहेरच्या भिंतींखाली अडीच फूट आणि आतल्यांखाली तीन फूट रुंद पट्टी पुरत होती. मात्र गवंडी म्हणतो तशी डबराची नाही, सळई घातलेली आरसीसीची, मधे बीम असलेली आणि सगळे पट्टे एकमेकांत गुंतवलेले. तसं केलं की एक जागा जरा बसली तरी शेजारचा पट्टा भार उचलतो. फक्त तळमजलाच राहणार असेल आणि जमीन सारखी असेल तर हा पाया आमच्या रानाला चालणारा होता, आणि इंजिनिअरही तेच म्हणाला.

पण गाडी अडली वरच्या मजल्यावर. पुतण्या म्हणत होता, पुढचं पुढं बघू. त्याची बायको म्हणाली, "दोन पोरं आहेत, वर बांधावंच लागणार. आत्ता नाही म्हणायचं आणि दहा वर्षांनी गुपचूप चढवायचं, असं नको." तिचं बरोबर होतं. पाया पुढं बघू म्हणून बघता येत नाही. वरचा मजला धरला की वजन 250 टनांवर गेलं आणि लागणारी जागा 590 चौरस फुटांवर. 720 पैकी 590! मधलं फुटिंग पावणेनऊ फुटांचं झालं, दोघांच्या मधे सव्वा फूट माती. एवढं खणायचं तर सगळंच का नको? फुटिंगांची बेरीज घराच्या निम्म्याच्या वर गेली की राफ्टचा विचार करायचा, असा सरधोपट नियम आहे. इथं तो नियम ओलांडून आम्ही फार पुढं होतो.

राफ्ट चारी बाजूंनी एकेक फूट बाहेर काढला. 26 बाय 32, म्हणजे 832 चौरस फूट. आता राफ्टचं स्वतःचं वजन आणि त्यावरची दोन फूट भरही त्याच्यावरच येते, तीही धरली. एकूण 360 टन, चौरस फुटाला 0.43. मर्यादेच्या जेमतेम आत. तिसरा मजला कधीच नाही, हे तेव्हाच नकाशावर लिहून घेतलं.

काम असं झालं. आधी अडीच फूट काळी माती काढून टाकली, राफ्टच्याही बाहेर तीन फूट. त्या जागी माळावरचा मुरूम नऊ-नऊ इंचांच्या थरांनी पाणी मारून रोलरनं दाबला. कुणी वाळू भरा म्हणत होतं. काळ्या रानात नुसती वाळू भरली की खड्डा हौदासारखा पाणी धरतो आणि तेच पाणी खालच्या मातीला मिळून ती फुगते. मुरमावर चार इंच पीसीसी, त्यावर दहा इंच राफ्ट आणि कॉलमच्या ओळींत बीम.

सळईच्या वेळी मात्र उभं राहा. राफ्ट म्हणजे उलटा स्लॅब. छताच्या स्लॅबवर वजन वरून येतं, राफ्टला जमीन खालून रेटते. म्हणून दोन कॉलमांच्या मधे ताण वरच्या अंगाला येतो आणि वरची जाळी तिथं फार महत्त्वाची. मिस्त्री "खाली आहे की जाळी" म्हणून वरची पातळ करायला बघतात. शिवाय काँक्रीट ओतताना माणसं तुडवून ती खाली बसवतात. मधे सळईच्या खुर्च्या असल्या तरच ती वर राहते.

राफ्टनं काळ्या मातीचं फुगणं थांबत नाही, हेही सांगतो. घराच्या मधली माती कोरडी राहते आणि कडेची पावसात भिजते, म्हणून कडा उचलायला बघते. त्यासाठी भोवती पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेलं काँक्रीट घातलं, पन्हाळीचं पाणी पाइपनं लांब सोडलं आणि उसाची शेवटची सरी घरापासून वीस फूट मागं घेतली.

आता लक्ष ठेवायचं खिडकीच्या कोपऱ्यांवर. तिथून तिरपी चीर निघाली किंवा दार चौकटीला घासायला लागलं, तर पाया कमी-जास्त बसतोय. चिरेवर सिमेंटचा पातळ ठिपका लावून तारीख लिहायची. ठिपका तडकला तर चीर चालू आहे. नुसती प्लास्टरची जाळीसारखी केसाएवढी चीर असेल तर झोप उडवून घेऊ नका.

ज्यांना सहा फुटांच्या आत मुरूम लागतो, त्यांनी हे वाचून राफ्ट घालायला जाऊ नये. तिथं सुटी फुटिंगंच स्वस्त आणि पक्की. बाकीच्यांनी खड्डे काढा, पाणी भरून ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथं पूर्वी काय होतं.