दोन गुणांचे उत्तर आणि पाच गुणांचे उत्तर

कित्येक वर्षे आम्ही वर्गात एक सूत्र सांगत आलो होतो. उताऱ्यावरील प्रश्नास दोन गुण असतील तर चार ओळी लिहाव्यात, पाच गुण असतील तर दहा. सूत्र लहान होते, मुलांच्या सहज ध्यानात राही आणि आम्हांसही पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याचा त्रास पडत नसे. ते सूत्र अपुरे आहे, हे आम्हांस एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. आणि ते दाखविताना त्या बिचाऱ्याचेच नुकसान झाले होते.

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्यावर हा मुलगा आमच्या मेजापाशी येऊन उभा राहिला. चाळीस गुणांच्या पत्रिकेत उत्तीर्ण होण्यास चौदा गुण हवे होते व त्याला बारा मिळाले होते. त्याने पाच गुणांच्या उत्तरावर बोट ठेवले आणि म्हटले, "सर, आपण सांगितल्याप्रमाणे बरोबर दहा ओळी लिहिल्या आहेत. मग दोनच गुण का?" आम्ही ओळी मोजल्या. खरोखरच दहा होत्या. त्या क्षणी आम्हांस काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. कारण चूक त्याची जितकी होती, तितकीच आमची होती.

उतारा आम्हीच रचलेला होता. वाचकांच्या सोयीसाठी तो येथे देतो.

"गावाच्या वरच्या अंगास बंधारा होता. त्याचे पाणी पाटाने शेतांस मिळे. ते वाटण्यासाठी गावाने एक पाटकरी नेमला होता. तो वृद्ध होता. परंतु कोणाच्या शेतास कधी व किती वेळ पाणी द्यावयाचे, हे त्याला तोंडपाठ असे. त्याचे स्वतःचे शेत पाटाच्या अगदी शेवटी होते. एके वर्षी पाऊस कमी झाला. तेव्हा पाटलाने एका रात्री आपल्या शेतास पाणी सोडण्यास त्यास सांगितले. पाटकरी म्हणाला, 'पाटील, आपली पाळी बुधवारी.' त्या वर्षी पाटकऱ्याचे पीक वाळून गेले. पण पाण्याविषयी गावातून एकही तक्रार आली नाही."

यावर दोन गुणांचा प्रश्न होता : पाटकऱ्याने पाटलाची मागणी का मान्य केली नाही? आणि पाच गुणांचा : पाटकऱ्याचे शेत पाटाच्या शेवटी होते, या गोष्टीस उताऱ्यात काय महत्त्व आहे? आपले मत सकारण लिहा.

त्या मुलाच्या दहा ओळींत पाटकरी प्रामाणिक होता, तो कोणाचा पक्षपात करीत नसे, त्याच्या ठायी न्यायबुद्धी होती, तो लबाडी करीत नसे व सर्वांस सारखे लेखी, एवढे होते. वाक्ये शुद्ध होती, अक्षरही चांगले होते. परंतु ही पाचही वाक्ये एकाच गोष्टीची पाच नावे होत. शिवाय शेताचे नाव त्यांत कोठेच नव्हते! परीक्षक ओळींस गुण देत नाही, मुद्द्यांस देतो. एक मुद्दा दहा ओळींत पसरला तरी तो एकच राहतो. आम्ही दिलेले दोन गुणही, खरे सांगायचे तर, थोडे उदारपणाचेच होते.

त्याच वर्गातील एका मुलीचे उलट झाले होते. दोन गुणांच्या प्रश्नास तिने चौदा ओळी लिहिल्या. बंधाऱ्यापासून आरंभ करून तिने सर्व उतारा पुन्हा सांगितला. बाराव्या ओळीत पाळी बुधवारी असल्याचा उल्लेख आला, म्हणून एक गुण मिळाला. मात्र चौदाव्या ओळीत तिने असेही लिहिले, की पाटलाशी पाटकऱ्याचे वैर होते. उताऱ्यात असे काही नाही. पाल्हाळात हा एक धोका नेहमी असतो. उत्तर पुरे झाल्यावरही लेखणी चालू राहिली, की ती उताऱ्याबाहेर जाते आणि आधीच्या बरोबर विधानावर स्वतःच बोळा फिरविते. पाच गुणांच्या प्रश्नास मग तिच्यापाशी वेळ उरला नाही. तेथे केवळ दीड वाक्य होते.

वेळेचा हिशेब येथेच करून टाकू. महाराष्ट्रातील माध्यमिक शालान्त परीक्षेची प्रथमभाषा मराठीची लेखी पत्रिका 80 गुणांची व तीन तासांची असते. म्हणजे एका गुणास सव्वादोन मिनिटे पडतात. त्या पत्रिकेत उताऱ्याचे गुण लहान लहान कृतींत वाटलेले असतात, आमच्या शाळेच्या पत्रिकेत ते सलग प्रश्नांत असतात; पण हिशेब दोहींकडे तोच लागू पडतो. दोन गुणांस साडेचार मिनिटे, पाच गुणांस सव्वाअकरा; आणि उतारा वाचण्याचा वेळही यातच धरावयाचा. शाळेतील मूल मिनिटास साधारण दोन ओळी लिहिते, असा आमचा अनुभव आहे. त्या मुलीच्या चौदा ओळींनी सात मिनिटे खाल्ली. ती अडीच मिनिटे जास्तीची कोठून आली, हे तिच्या दीड वाक्यावरून दिसतच होते.

तर मग किती लिहावे? त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्या दोघांना बसवून घेतले व हे दोन्ही प्रश्न फळ्यावर पुन्हा सोडविले. प्रथम उत्तर न लिहिता, प्रश्नच किती मागतो ते पाहिले. "का मान्य केली नाही" या प्रश्नास कारण हवे. दोन गुण आहेत, तेव्हा कारणाचे दोन भाग असणार. एक भाग उताऱ्यात उघड आहे : पाळी बुधवारची होती. दुसरा थोडा आत आहे. पाऊस कमी होता, म्हणजे पाटलास आधी दिलेले पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे असते. पाटकरी कोण होता, बंधारा कोठे होता, हे येथे कोणी विचारलेले नाही. उत्तर असे झाले :

"पाटलाची पाळी बुधवारी ठरलेली असल्याने पाटकऱ्याने त्याची मागणी नाकारली. पाऊस कमी झालेल्या वर्षी त्याला आधी पाणी दिले असते, तर ज्याची पाळी त्या रात्री होती त्याचे पाणी तुटले असते."

मुलाने शब्द मोजले. अठ्ठावीस भरले. आम्ही त्यास प्रत्येक वाक्य हाताने झाकून पाहावयास सांगितले. पहिले झाकले तर एक गुण जातो, दुसरे झाकले तर दुसरा जातो. जे वाक्य झाकल्याने काहीच जात नाही, ते दोन गुणांच्या उत्तरात नको. मुलीच्या चौदा ओळींतील बारा ओळी या कसोटीने गळून पडल्या, आणि हे पाहून तीच प्रथम हसली.

पाच गुणांच्या प्रश्नाचे प्रकरण निराळे आहे. दोनाच्या अडीचपट पाच, म्हणून उत्तरही अडीचपट लांब, असा येथे सरळ त्रैराशिकाचा मामला नव्हे. दोन गुणांच्या उत्तरात मुद्दे शेजारी शेजारी ठेवले तरी चालतात. पाच गुणांच्या उत्तरात ते एकमेकांस जोडावे लागतात आणि "आपले मत सकारण" असे शब्द असल्यास मताबरोबर त्याचे कारणही द्यावे लागते. आम्ही गुणांची वाटणी करताना उताऱ्यातील आधारांस तीन, त्यांच्या जोडणीस एक व मताच्या कारणास एक गुण ठेवला होता. "माझ्या मते पाटकरी थोर होता" एवढ्याने शेवटचा गुण मिळत नाही. ते मत झाले, कारण झाले नाही. ही वाटणी आम्ही परीक्षेपूर्वी मुलांस कधीच सांगितली नव्हती, ओळी मात्र सांगितल्या होत्या.

शेत शेवटी असल्याने काय काय होते, ते मुलांनीच सांगितले. पाणी सर्वांमागून मिळे. पाणी सोडणे त्याच्याच हाती होते, तरी त्याने ते आपल्याकडे वळविले नाही. शेवटी पीक वाळले. हे तीन आधार हाती आल्यावर मुलगा काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, म्हणजे पाटलाला नाही म्हणाला, ते रागाने नव्हे. तो स्वतःलाही नाहीच म्हणाला." आम्हांस हवा असलेला जोडणीचा गुण तो हाच. मग तिघांनी मिळून उत्तर लिहिले :

"पाटकऱ्याचे शेत पाटाच्या शेवटी असल्याने सर्वांचे पाणी झाल्यावरच त्याला पाणी मिळे. पाणी सोडणे त्याच्याच हाती असल्यामुळे टंचाईच्या वर्षी आपले शेत वाचविणे त्याला अवघड नव्हते. तरीही त्याने पाळी मोडली नाही आणि त्याचे पीक वाळले. त्यामुळे पाटलाला दिलेला नकार मोठ्या माणसावरचा राग नव्हता, जो नियम त्याने स्वतःला लावला तोच पाटलाला लावला, हे वाचकास कळते. माझ्या मते, त्याचे शेत पाटाच्या आरंभी असते, तर त्याच्या न्यायाची अशी पारख झाली नसती. कारण स्वतःचे नुकसान न होता नियम पाळणे सोपे असते. त्याचे नुकसान गावाने डोळ्यांनी पाहिले, म्हणूनच कोणी तक्रार केली नाही, असे मला वाटते."

हे अठ्ठ्याऐंशी शब्द झाले. ओळीत आठ शब्द धरले तर अकरा ओळी. दोन गुणांचे उत्तर साडेतीन ओळींचे होते. गंमत अशी, की आमचे जुने चार व दहा ओळींचे सूत्र जवळजवळ खरे ठरले! पण ओळी शेवटी मोजल्या तेव्हा ते खरे ठरले. आरंभीच मोजून ठेवल्या, तेव्हा मुलाने त्या भरण्यासाठी एकच गोष्ट पाच वेळा लिहिली. आता आम्ही ओळींचा उपयोग फक्त एका शंकेपुरता करतो. पाच गुणांचे उत्तर पाच ओळींतच संपले असेल, तर एखादा आधार किंवा कारण राहिले आहे का, ते पुन्हा पाहावे. दोन गुणांचे उत्तर सहा ओळींच्या पुढे गेले असेल, तर उतारा पुन्हा सांगितला जात आहे का, ते पाहावे.

याला अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. "दोन कारणे लिहा" असा प्रश्न असेल तर दोनच लिहावीत. चार लिहून परीक्षकाने त्यांतील बरी दोन निवडून घ्यावीत, अशी अपेक्षा करू नये. केवळ नावे किंवा शब्द विचारले असतील, तर दोन गुणांसही एक ओळ पुरते. आणि शब्दमर्यादा प्रश्नातच छापलेली असेल, तेथे आमचा सर्व हिशेब बाजूस ठेवून तीच पाळावी.

वार्षिक परीक्षेत उतारा निराळा होता. त्या मुलाने दोन गुणांच्या प्रश्नास चार ओळी लिहून त्यांतील एक स्वतःच खोडली होती. पाच गुणांच्या उत्तरास आम्ही साडेतीन गुण दिले. उत्तरपत्रिका मिळताच तो पुन्हा मेजापाशी आला. या वेळी त्याने ओळी मोजल्या नाहीत. त्याने पेन्सिलीने उत्तरातील तीन आधारांखाली रेघा मारल्या होत्या, जोडणीच्या वाक्याखाली दुहेरी रेघ होती, आणि "कारण" या शब्दाभोवती वर्तुळ होते. "सर, यांतले कोणते कमी पडले?" त्याने विचारले. आम्ही उत्तर पुन्हा वाचले. तिसरा आधार सातव्या ओळीच्या शेवटी होता व तो आमच्या नजरेतून सुटला होता. आम्ही साडेतीनचे साडेचार केले व शेजारी सही केली. उरलेला अर्धा गुण मताच्या कारणाचा होता. ते थोडे मोघम आहे, हे त्यास मान्य होते.