आपल्याकडून

व्याकरणाच्या तासाला कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवताना मी वर्षानुवर्षे रामाला आंबा खायला लावला आणि रावणाला रामाकडून मारवले. या प्रयोगांचा आपल्या पोटापाण्याशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते. निवृत्तीनंतर स्मरणिका, गौरवग्रंथ यांच्या संपादनाची कामे घेऊ लागलो आणि ग्राहकांना ई-मेल लिहिणे रोजचे झाले. तिथे हा धडा मला नव्याने गिरवावा लागला.

गोष्ट डिसेंबर 2016 मधली. एका शिक्षणसंस्थेची 64 पानांची स्मरणिका हाती होती. समारंभ 18 तारखेला. छपाई आणि बांधणीला आठ दिवस हवे होते. 2 तारखेला मी संस्थेच्या चिटणिसांना लिहिले: ‘मुद्रिते सोबत जोडली आहेत. आपल्याकडून अखेरचा हात फिरवून झाला की मजकूर छपाईला पाठवला जाईल.’ संध्याकाळी उत्तर आले: ‘मुद्रिते मिळाली. छान दिसत आहेत. दुरुस्त्या व्हाव्यात व पुढील कार्यवाही करण्यात यावी.’

दोन्ही पत्रे सभ्य, शुद्ध आणि निरुपयोगी. मी दुरुस्त्यांच्या यादीची वाट पाहत बसलो. दुरुस्त्या मी करतो आहे, अशी त्यांची खात्री. नऊ दिवसांनी, रविवारी, मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, “अहो सर, तुम्हीच लिहिलंत ना, आपल्याकडून हात फिरवून होईल म्हणून!”

मराठीतला ‘आपण’ हा मोठा मायावी शब्द आहे. तो आदराने ‘तुम्ही’ होतो आणि आपुलकीने ‘तुम्ही-आम्ही मिळून’ होतो. ‘आपण पाहाल’ आणि ‘आपण पाहू’ यांत क्रियापदाचा प्रत्यय अर्थ सावरून घेतो. पण ‘आपल्याकडून’ म्हटले आणि क्रियापद कर्माच्या मागे गेले, की तो आधारही सुटतो. मी ‘तुमच्याकडून’ म्हणत होतो, त्यांनी ‘आपल्या संपादकांकडून’ असे वाचले. त्यांच्या ‘करण्यात यावी’मध्ये तर कर्ता शोधायलाही जागा नव्हती. सरकारी मराठीने आपल्याला दिलेली ही देणगी. असो.

इंग्रजी पत्रलेखनाची पुस्तके यावर ‘कर्तरी प्रयोग वापरा’ असे सांगतात. मराठीत हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘मी मुद्रिते पाठवली’ हे वाक्य व्याकरणाने कर्मणी आहे, तरी कोणी पाठवली याविषयी शंका नाही. ‘चिटणिसांनी यादी पाठवावी’ हेही कर्मणीच. म्हणून आपण प्रयोगाचे नाव सोडून एवढेच पाहावे, की करणारा वाक्यात उभा आहे का. ‘जाईल’, ‘होईल’, ‘यावे’, ‘झाले की’ यांखाली मी आता पेन्सिलीने रेघ मारतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘कोण?’ असे विचारतो. ‘आम्ही’ हे उत्तर मला पुरत नाही; त्या ‘आम्ही’त मी असतो आणि मांडणी करणारा मुलगाही असतो, आणि दोघेही दुसऱ्यावर भिस्त ठेवतात.

तेच पत्र आज लिहायचे तर असे लिहीन: ‘64 पानांची मुद्रिते सोबत जोडली आहेत. चिटणीससाहेब, नावे आणि साले तुम्ही तपासावीत व दुरुस्त्यांची यादी गुरुवार, 8 तारखेपर्यंत मला पाठवावी. चूक नसेल तर तसे कळवावे. दुरुस्त्या मी शुक्रवारी करीन आणि शनिवारी सकाळी फाइल छापखान्यात देईन. यादी गुरुवारी आली नाही, तर प्रती 18 तारखेला मिळणार नाहीत.’

‘उत्तर न आल्यास आहे तसे छापीन’ असे मात्र मी लिहीत नाही. देणगीदाराचे नाव चुकले तर निस्तरायचे संस्थेला. तो निर्णय माझा नव्हे. आणि सगळीच वाक्ये अशी करण्याचे कारण नाही. ‘पार्सल मिळाले’ यात कोणाला मिळाले हे कोणी विचारत नाही. पुढचे पाऊल ज्या वाक्यात आहे, तेवढेच जपायचे.

एक अडचण खरी आहे. ज्येष्ठ माणसाला ‘तुम्ही गुरुवारपर्यंत पाठवावी’ असे लिहिताना हात अडखळतो; आदर राखायचा तर काम कोणावर टाकू नये, अशी आपली रीत. माझा तो ‘आपल्याकडून’ याच संकोचातून आला होता. त्यापायी 18 तारखेला व्यासपीठावर मुखपृष्ठ चढवलेल्या कोऱ्या पानांच्या प्रतीचे प्रकाशन झाले. स्मरणिकेत आठवणी लिहिणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या माजी मुख्याध्यापिकाबाईंनी ती प्रत उघडली, दोन पाने उलटली आणि मिटून मांडीवर ठेवली. छापील प्रती 29 तारखेला आल्या.

त्याच चिटणिसांबरोबर पुढे आणखी एक काम केले. त्या वेळी नाव आणि वार घालून लिहिले. तासाभरात उत्तर आले: ‘गुरुवारी मला जमणार नाही, मी सोमवारी देतो.’ मी लगेच छापखान्याला फोन करून पाळी पुढे ढकलली.